गरम झाल्यावर गाडी चालू होत नाही: पल्सर कॉइल आणि एचटी कॉइलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं १०० ते १२५ सीसीच्या साध्या रोजच्या गाडीबद्दल आहे, एक सिलिंडर, कार्बोरेटर आणि सीडीआय असलेली. सीडीआय म्हणजे ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं थोडं वेगळं असतं, त्याचा प्रश्न खाली घेतलाय.

सकाळी एका किकमध्ये चालू होते, पण गरम झाल्यावर दहा मिनिटं थांबवली की मग कितीही किक मारा, चालूच होत नाही. कॉइल गेली म्हणायची का?

असू शकते, पण लगेच कॉइल आणायला धावू नका. गरम गाडी चालू न होण्याची तीन मोठी कारणं आहेत. एक म्हणजे करंट जातो, दुसरं म्हणजे पेट्रोल जास्त होतं किंवा येतच नाही, आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं, ते म्हणजे टॅपेट टाइट झालेले असतात. टॅपेट टाइट असले की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि किक हलकी लागते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, म्हणजे लक्षण अगदी कॉइलसारखंच. त्यामुळे किक नेहमीसारखी जड लागतेय का एवढं आधी पायाला विचारा. जड लागत असेल आणि प्लग काढल्यावर तो पेट्रोलने ओला निघाला, तर पेट्रोल पोचलंय पण पेटलं नाही. ओव्हरफ्लोमुळेही प्लग ओला होतो हे खरंय, म्हणून ओला प्लग बघून थांबायचं नाही, त्याच मिनिटाला करंट बघायचा. "त्याच मिनिटाला" हे या सगळ्या पानाचं मर्म आहे, कारण गाडी थंड झाली की पुरावा गेला.

पण मग चालताना ती तासभर नीट चालते, थांबवल्यावरच का अडते?

दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू होतात.

पहिलं, गाडी चालत असते तोवर वारा लागत असतो. थांबवली की वारा बंद, पण सिलिंडर आणि हेडमधली उष्णता कुठे जाणार, ती हळूहळू आजूबाजूच्या सगळ्या भागांत पसरते, क्रँककेसमध्ये, मॅग्नेटच्या कव्हरमध्ये, टाकीखाली अडकवलेल्या एचटी कॉइलपर्यंत. म्हणजे इंजिन बंद केल्यावर पुढची दहा-वीस मिनिटं हे भाग थंड होण्याऐवजी उलट अजून तापतात, आणि नेमकं तेवढ्यात आपण चहा पिऊन येऊन किक मारतो.

दुसरं, पल्सर कॉइलमधून निघणारा व्होल्टेज इंजिनच्या वेगावर अवलंबून असतो. मॅग्नेट जितका जोरात फिरेल तितका तो जास्त. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे मारतं, किक किंवा सेल्फवर त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे कमकुवत झालेली पल्सर चालत्या गाडीत निभावून नेते, पण किकच्या वेगाला तिचा इशारा सीडीआयला जागं करण्याइतका उरत नाही. म्हणूनच असली गाडी कधी कधी किकने होत नाही पण उतारावरून दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की लगेच होते. हे लक्षण दिसलं की माझा पहिला संशय पल्सरवर जातो.

पल्सर कॉइल आणि एचटी कॉइल यात फरक काय, दोन्हीला कॉइलच म्हणतात ना?

हो, आणि त्याच गोंधळात चुकीचा पार्ट बदलला जातो.

पल्सर कॉइल, काही जण पिकअप कॉइल म्हणतात, ही मॅग्नेटच्या बाहेरच्या बाजूला दोन स्क्रूवर बसलेली आगपेटीपेक्षा लहान वस्तू. मॅग्नेटवर बाहेरून एक उंचवटा असतो, तो पल्सरसमोरून गेला की तिच्यात एक छोटासा झटका तयार होतो. तिचं काम फक्त "आता" असं सांगणं आहे, ती स्वतः करंट देत नाही.

सीडीआयमध्ये एक कपॅसिटर आधीच दोन-तीनशे व्होल्टला भरून तयार असतो. काही गाड्यांत तो मॅग्नेटमधल्या वेगळ्या सोर्स कॉइलवर भरतो, त्याला एसी सीडीआय म्हणतात, आणि काहींत बॅटरीच्या १२ व्होल्टवरून, तो डीसी सीडीआय. पल्सरचा इशारा आला की सीडीआय हा साठा एका झटक्यात एचटी कॉइलच्या प्रायमरीत सोडतो आणि एचटी कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करून प्लगला पाठवते.

यावरून एक गोष्ट आपोआप निघते. इशारा एकतर पोचतो किंवा पोचत नाही, त्यामुळे पल्सर गेली की करंट बहुतेक वेळा पूर्ण गायब असतो, मध्येच येतो आणि मध्येच जातो, पण येतो तेव्हा चांगला येतो. एचटी कॉइल किंवा प्लग कॅप गेली की करंट कमजोर होतो, पिवळट, बारीक, भरकटणारा. चालवतानाही फरक कळतो, पल्सर गेली की कुणीतरी चावी बंद केल्यासारखी गाडी एकदम मरते आणि एचटी कॉइल जायला लागली की आधी गाडी ओढत नाही, चढावर मिसिंग मारते, मग बंद पडते. शंभर टक्के नियम नाहीये, पण कुठून सुरुवात करायची ते ठरवायला पुरेसा आहे.

प्लग बाहेर काढून हेडला टेकवून बघितला, करंट दिसतोय. मग इग्निशन ठीकच ना?

नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलोय.

प्लगच्या टोकांमधली फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. उघड्या हवेत एवढीशी फट ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. तोच प्लग सिलिंडरमध्ये असतो तेव्हा दाबलेल्या मिश्रणात त्याच फटीला त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतो. म्हणजे अर्धी मेलेली एचटी कॉइलसुद्धा बाहेर छान ठिणगी दाखवते आणि आत गेल्यावर हात टेकते.

म्हणून फट वाढवून बघायची. बाजारात फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो, तो प्लग कॅपला लावायचा, त्याची क्लिप इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट लावायची आणि ६ मिलिमीटरवर ठेवून किक मारायची. चांगल्या कॉइलवर निळी-पांढरी ठिणगी "टक टक" आवाज करत प्रत्येक किकला पडते. तीन मिलिमीटरवर पडते आणि सहावर नाही, तर करंट कमजोर आहे, मग डोळ्यांना तो कितीही बरा दिसो.

दोन काळज्या नक्की घ्या. प्लगच्या भोकापासून टेस्टर लांब ठेवा, कारण किक मारली की भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ती पेटते. आणि प्लग कॅप हवेत मोकळी ठेवून किक मारू नका, करंटला जायला वाट नसली की तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन किंवा सीडीआय फोडून वाट काढतो. चांगली कॉइल टेस्ट करताना मारून टाकलेले लोक मी पाहिलेत.

रस्त्यात बंद पडलीये, हाताशी फक्त प्लग पाना आहे. काय बघू?

डिकीत एक चालू स्थितीतला जुना प्लग ठेवत असाल तर तो कॅपला लावा आणि त्याची चुडी हेडच्या फिनला नीट टेकवा. किक. अजिबातच ठिणगी नाही? किल स्विच चार-पाच वेळा पुढे-मागे करा, पुन्हा बघा. तरी नाही तर प्लग कॅप फिरवून वायरीवरून काढा (ती स्क्रूसारखी बसलेली असते), वायरीचं टोक फिनपासून चार-पाच मिलिमीटरवर राहील असं काहीतरी सुकं, करंट न वाहणारं वापरून अडकवा, हातात धरू नका, आणि किक मारा. इथे ठिणगी आली म्हणजे कॅप मेली. वायरीचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवली तर कित्येकदा घरापर्यंत काम होतं.

वायरीवरही काहीच नाही, तर आता घड्याळ बघा. गाडी चालू व्हायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, आणि थांबलेल्या वेळात दर पाच मिनिटांनी एकदा ठिणगी बघा. पंचवीस-तीस मिनिटांनी ठिणगी अचानक पूर्ण ताकदीने आली तर तुम्हाला जवळपास उत्तर मिळालंय, पल्सर किंवा सोर्स कॉइल, नाहीतर त्यांची वायर. ठिणगी हळूहळू पिवळ्याची निळी होत गेली तर एचटी कॉइल.

ठिणगी आहे पण कमजोर, आणि घर गाठायचंय, तर प्लगची फट थोडी कमी करा, ०.५ पर्यंत. कमी फटीला कमी व्होल्टेज लागतो. हा इलाज नाही, फक्त पोचायची सोय आहे, घरी आल्यावर फट पुन्हा नीट करा.

मीटरवर किती रीडिंग यायला पाहिजे?

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल ते खरं. अंदाज हवा असेल तर अशा गाड्यांची पल्सर बहुतेक १०० ते ३०० ओहममध्ये असते. सीडीआयवर चालणाऱ्या एचटी कॉइलची प्रायमरी एक ओहमपेक्षाही कमी, आणि सेकंडरी कॅप काढून मोजली तर काही हजार ओहम, दोन ते सहा हजारांच्या आसपास. कॅपमध्ये सहसा पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे कॅपसकट मोजलं तर तेवढं त्यात मिळवायचं.

प्रायमरी मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. साध्या मीटरमध्ये पिनांच्या वायरीच ०.३ ओहम दाखवतात, तेवढे वजा करायचे, नाहीतर अर्ध्या ओहमची कॉइल तुम्हाला दीडपटीहून जास्त दिसेल. खरं सांगायचं तर एवढ्या छोट्या आकड्यावरून प्रायमरीतले दोन-चार वेढे शॉर्ट झालेत की नाही हे साध्या मीटरला कळतच नाही.

पल्सर मोजायला कव्हर खोलायची गरज नाही. मॅग्नेटकडून वर येणारा कपलर शोधा, बहुतेक वेळा टाकीखाली किंवा साइड कव्हरच्या आत असतो, तो सोडवा आणि मॅग्नेटच्या बाजूने मोजा. एसी सीडीआय असेल तर सोर्स कॉइलही तिथेच मोजून घ्या, ती तिसरी संशयित आहे आणि तीही गरम झाल्यावर तुटते.

थंड गाडीवर सगळी रीडिंग बरोबर आली, मेकॅनिक म्हणतो कॉइल ओके आहे.

तो खोटं बोलत नाहीये, पण त्याने चुकीच्या वेळी मोजलंय. गाडी थंड असताना चालूच होते ना? मग थंड असताना मीटर वेगळं काय दाखवणार.

पल्सरच्या आत केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे खूप वेढे असतात आणि वर रेझिन ओतून ते बंद केलेले असतात. ही बारीक तार जिथे बाहेरच्या जाड वायरीला सोल्डर केलेली असते तिथे वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन आणि थरथरून चीर पडते. थंड असताना रेझिन आवळलेलं असतं, दोन टोकं एकमेकांना टेकून राहतात, मीटर अगदी बरोबर रीडिंग देतो. गरम झालं की सगळं फुगतं, टोकं केसभर लांब जातात, सर्किट उघडं. थंड झालं की पुन्हा टेकतात.

तेव्हा मोजायचं ते गाडी अडलेली असताना, कपलर सोडवून, तिथेच. नाहीतर पल्सर काढून टेबलावर मीटर जोडून हेअर ड्रायरने तापवा आणि वायर जिथे आत शिरते तिथे हलकेच हलवत रहा.

गरम असताना मोजलं तर रीडिंग वाढलं. म्हणजे खराबच ना?

नाही नाही, थांबा! तांबं गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स वाढतोच, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. चांगली, नवी कोरी पल्सरसुद्धा गरम झाल्यावर जास्त दाखवणार. ते वाढणं किती असायला हवं ते गणित करून बघायचं, आणि मीटरवर त्यापेक्षा वेगळं काही होतंय का ते शोधायचं. माझ्याच गाडीचं उदाहरण देतो, कारण त्यात हे सगळं एकाच दिवशी दिसलं.

११० सीसी, एसी सीडीआय. वीसेक किलोमीटर चालवून थांबवली की बारा-पंधरा मिनिटांनी चालू होत नव्हती आणि पाऊण तासाने एका किकमध्ये. दोन महिन्यांत प्लग बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला, एचटी कॉइल नवी बसली, सीडीआय नवा बसला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये न्यायचो तोवर ती थंड, म्हणजे एकदम ठणठणीत, आणि मग "झालं काम" म्हणून परत यायचो. हे सांगताना मला आजही वाईट वाटतं ते त्या दोन चांगल्या पार्टांचं, ते मी काढून टाकून दिले.

शेवटी एका रविवारी मी स्वतः बसलो. सकाळी थंड गाडीवर, हवा २८ डिग्री, पल्सर ११८ ओहम. मग मुद्दाम वीस किलोमीटर फिरवून आणली, अंगणात उभी केली आणि लगेच कपलर सोडवून मीटरच्या पिना चिमट्याने अडकवून ठेवल्या, हात लावायचा नाही फक्त बघत बसायचं. आधी १३५. मग १३८, १४०, हळूहळू चढत होतं, इंजिन बंद असूनही, आधी सांगितली तीच पसरणारी उष्णता. कव्हरवर टेकवलेला थर्मामीटर ८५ डिग्रीच्या आसपास होता तेव्हा मीटर १४४ वर.

आता गणित. २८ वरून ८५ म्हणजे ५७ डिग्री वाढ. ११८ × (१ + ०.००३९ × ५७) केलं की येतात १४४. म्हणजे इथपर्यंत कॉइल अगदी तांब्यासारखी वागत होती आणि इथे कुणी "११८ चे १४४ झाले, खराब" म्हणालं असतं तर ते चूक ठरलं असतं. मी पण जवळपास मीटर काढणारच होतो, तेवढ्यात आकडा १४४ वरून ३१० झाला, मग ९०० च्या वर, आणि मग थेट `OL`, म्हणजे सर्किट उघडं. मी काहीच हलवलं नव्हतं. क्षणभर कपलर लावून किक मारली, ठिणगी शून्य, मग तो सोडवून पिना पुन्हा अडकवल्या. सव्वीस मिनिटांनी `OL` जाऊन एकदम १३६ आलं, आणि कपलर लावून किक मारली तर गाडी चालू.

फरक हाच लक्षात ठेवा. सरळ, हळू चढणारं रीडिंग निरोगी. उडी मारणारं, थरथरणारं किंवा `OL` होणारं रीडिंग म्हणजे तार तुटलीय. पल्सर काढली तेव्हा तापवून आणि वायर हलवून बघितलं, ती रेझिनमध्ये शिरते तिथे नखाने ढकलली की `OL`, सोडली की आकडा परत. नवी बसवल्यावर तोच प्रयोग पुन्हा केला, गरम झाल्यावर आकडा चढून एका जागी थांबला, अर्धा तास हलला नाही.

ओहम बरोबर पण व्होल्टेज कमी, असं होतं का?

होतं. आतले काही वेढे एकमेकांत शॉर्ट झाले किंवा पल्सर आणि मॅग्नेटच्या उंचवट्यातली फट वाढली की इशारा लहान होतो. यासाठी खरं साधन म्हणजे मीटरला लावायचा पीक व्होल्टेज अडॅप्टर, त्यावर बऱ्याच मॅन्युअलमध्ये किकच्या वेगाला पल्सरचे किमान ०.७ व्होल्ट आणि एचटी कॉइलच्या प्रायमरीवर किमान १०० व्होल्ट मागितलेले असतात. प्रायमरीवर हात ठेवू नका, शॉक जबरदस्त बसतो. अडॅप्टर नसेल तर साधा मीटर एसी व्होल्टवर ठेवून पल्सरवर किक मारा, पण तो आकडा मॅन्युअलशी ताडून बघू नका, साध्या मीटरला एवढा क्षणिक झटका नीट पकडता येत नाही. तोच मीटर, तोच माणूस, तशीच किक, एकदा थंड आणि एकदा गरम, आणि दोन्हींची तुलना, एवढाच त्याचा उपयोग.

एचटी कॉइल मीटरवर बरोबर दाखवते तरी खराब असू शकते?

हो, आणि ही पल्सरपेक्षा जास्त फसवी. मीटर आतल्या छोट्या बॅटरीवर मोजतो. कॉइलचं इन्सुलेशन फुटतं ते हजारो व्होल्टला, आणि गरम झाल्यावर आणखी लवकर. मीटरला त्यातलं काहीच दिसत नाही, ओहम अगदी पुस्तकातले येतात आणि करंट मात्र आतल्या आत चेसीला निघून जातो.

अंधारात गाडी चालू ठेवून कॉइल आणि प्लग वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारून बघा, बाहेरून फुटलेली असेल तर निळी रेघ पळताना दिसते आणि इंजिन अडखळतं. आतून फुटलेली असेल तर एकच खात्रीचा मार्ग, तशाच गाडीची चालू कॉइल काही दिवस लावून बघणं. सहा मिलिमीटरवर गरम असताना जुनीने ठिणगी सोडली नाही आणि दुसरीने सोडली, विषय संपला.

त्याआधी कॉइलचे बोल्ट काढून तिची पट्टी जिथे चेसीला टेकते तो भाग खरवडून घ्या. बऱ्याच गाड्यांत तेच कॉइलचं अर्थिंग असतं आणि गंज असेल तर नवी कॉइलही कमजोर करंट देईल.

ओलं फडकं ठेवून बघायचं म्हणतात, ते खरं का?

एचटी कॉइलसाठी खरं आहे. गाडी अडली की पिळलेलं थंड फडकं फक्त कॉइलवर पाच मिनिटं धरा, टर्मिनलवर पाणी जाऊ देऊ नका. बाकी इंजिन गरमच असताना करंट परत आला तर कॉइलच. पण पल्सर कव्हरच्या आत असते, तिथपर्यंत गारवा लवकर पोचत नाही, त्यामुळे कव्हरवर फडकं ठेवून काही झालं नाही म्हणून पल्सर निर्दोष ठरत नाही. आणि तापलेल्या हेडवर पाणी ओतू नका, प्लीज.

किकने होते, सेल्फने होत नाही. हेही पल्सर का?

डीसी सीडीआय असेल तर आधी बॅटरी बघा. सेल्फ दाबल्यावर बॅटरीचा व्होल्टेज फार खाली बसला की सीडीआयला कपॅसिटर भरता येत नाही. सेल्फ दाबून धरून बॅटरीवर मोजा, दहाच्या खाली जात असेल तर दोष बहुतेक तिथेच आहे.

सीडीआय जात नाही का मग?

जातो, पण हे शेवटी. तो सहसा इंजिनपासून लांब असतो, एवढा तापत नाही. पल्सर, सोर्स कॉइल, एचटी कॉइल, किल स्विचची वायर हे गरम असताना तपासून झालं, सगळं नीट आणि तरी करंट नाही, तर दुसऱ्या गाडीचा तोच सीडीआय लावून बघा. किल स्विचसाठी एसी सीडीआयवर त्याची वायर फक्त सोडवून किक मारायची, करंट आला तर ती कुठेतरी घासून चेसीला लागतेय. मग चालू झालेली गाडी चावीने बंद होणार नाही, गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडायचा.

नवी पल्सर बसवताना काय सांभाळायचं?

मॅग्नेट काढायची गरज बहुतेक गाड्यांत नसते, डावं कव्हर उघडलं की पल्सर समोरच दिसते. कव्हर मॅग्नेटच्या ओढीने घट्ट धरलेलं असतं, बोटं सांभाळा. आत ऑइल असणारी गाडी असेल तर ते आधी काढा किंवा गाडी दुसऱ्या बाजूला कलती करा, गॅस्केट नवं लावा. स्क्रू जाम असतात, इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं घासलं की दिवस जातो.

फट: मॅन्युअलमधली, सहसा ०.३ ते ०.८ मिलिमीटरच्या आत कुठेतरी. उंचवटा बरोबर पल्सरसमोर आणून फीलर गेजने बघा. मॅग्नेट लोखंडाचा कीस ओढून घेतो, पल्सरच्या टोकावर काळा चिखल असेल तर पुसून घ्या.

आणि वायरी उलट जोडू नका. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर झटका उलटा होतो, सीडीआय चुकीच्या क्षणी फायर करतो, गाडी एकतर चालूच होत नाही किंवा किक पायाला उलटी मारते. नवी पल्सर बसवल्यावर गाडी बॅकफायर मारायला लागली तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी हे बघा.

वायर जिथे कव्हरच्या रबरातून बाहेर येते तिथे ती मूळ क्लिपमध्येच अडकवा. तिथे उष्णतेने वायर काडीसारखी कडक होते आणि आतली तार तुटते, बाहेरून प्लास्टिक अगदी अखंड.

माझी गाडी एफआय आहे.

तिथे त्याच जागी क्रँक सेन्सर असतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याच्याच इशाऱ्यावर पेट्रोलही सोडते आणि ठिणगीही. त्यामुळे तो गरम होऊन गेला की प्लग ओला नाही, कोरडा निघतो, आणि लोक पेट्रोल पंपाच्या मागे लागतात. दोन्ही एकदम गायब असेल तर आधी सेन्सर. तपासायची पद्धत तीच, गरम असताना, उडी बघायची. एचटी कॉइल मात्र वेगळ्या प्रकारची असते, प्रायमरी दोन-चार ओहमची, सीडीआयवाली तिथे लावू नका.

जास्त ताकदीची एचटी कॉइल किंवा इरिडियम प्लग लावला तर सुटेल का?

नाही. पल्सर तुटलेली असेल तर इशाराच नाही.

नवी पल्सर लावली, चार दिवस ठीक, पुन्हा तेच!

आधी कपलर. दोन्ही बाजूंच्या पिना काढून बघा, हिरवट पडल्यात का, एखादी मागे सरकलीय का. माझ्या ओळखीच्या एकाने दोन पल्सर बदलल्या आणि दोष निघाला कपलरच्या एका सैल पिनेत, गरम झाल्यावर प्लास्टिक मऊ पडायचं आणि ती पिन अर्धा मिलिमीटर मागे जायची. तपासणी मॅग्नेटच्या बाजूने केली की हे सापडत नाही, म्हणून कपलर जोडलेला ठेवून सीडीआयच्या सॉकेटवर, सीडीआय काढून, पुन्हा तेच गरम रीडिंग घ्या. तिथे `OL` आणि मॅग्नेटच्या बाजूला नीट, तर दोष मधल्या वायरीत किंवा कपलरमध्ये.

तिथेही आकडा स्थिर आणि गरम असताना सहा मिलिमीटरची निळी ठिणगीही पडतेय, तरी गाडी चालू होत नाही, तर इग्निशन सोडा आणि टॅपेटला फीलर गेज लावा. तो मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, सकाळी, पहिली किक मारायच्या आधी.